पुरवठ्याची लवचीकता, कांद्याच्या हिशेबाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना हेच प्रश्न दरवर्षी येतात. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कांदा असतो. त्यामुळे पेन आणि वह्यांची उदाहरणं मी केव्हाच सोडून दिली. खालच्या पत्रकांतले आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी बसवलेले आहेत. पिकाच्या तारखा आणि बाजारातल्या घटना मात्र खऱ्या आहेत.

पुरवठा पत्रक म्हणजे काय? चाळीत पडलेला सगळा कांदा पुरवठ्यात धरायचा का?

नाही धरायचा. चाळीत आहे तो साठा. त्यातला जेवढा माल ठरावीक भावाला, ठरावीक मुदतीत विकायची तयारी आहे, तेवढाच पुरवठा. एका गावातल्या दहा शेतकऱ्यांच्या चाळींत मिळून दोन हजार क्विंटल उन्हाळी कांदा आहे असं समजा. या आठवड्यात कोणत्या भावाला ते किती माल बाजार समितीत आणतील, हे मांडलं की पुरवठा पत्रक झालं:

| भाव (रुपये प्रति क्विंटल) | आठवड्याचा पुरवठा (क्विंटल) |
|---|---|
| १००० | १६० |
| १५०० | २०० |
| २००० | २२० |
| २५०० | २३१ |

ही चार ओळी चार वेगवेगळ्या आठवड्यांची नोंद नाही. आठवडा एकच, आणि 'भाव असा असता तर' या प्रश्नाची ही चार उत्तरं आहेत. पावसाचा अंदाज, डिझेलचा दर, पुढच्या महिन्यात भाव काय राहील याची अटकळ, हे सगळं चारही ओळींत सारखंच धरलेलं आहे. यातलं काही बदललं तर पत्रक नव्याने लिहावं लागतं. हा मुद्दा आत्ता किरकोळ वाटेल, पण बाजार समितीच्या आकड्यांच्या प्रश्नात तोच पुन्हा आडवा येणार आहे.

यावरून लवचीकता कशी काढायची?

पुरवठ्यात शेकडा किती बदल झाला, याला भावात शेकडा किती बदल झाला, याने भागायचं. भाव १५०० वरून २००० झाला, म्हणजे ५०० ने वाढला. १५०० वर ५०० म्हणजे ३३.३ टक्के. पुरवठा २०० वरून २२० झाला, म्हणजे १० टक्के वाढला. १० भागिले ३३.३ म्हणजे ०.३. भाव एक टक्का वाढला की आवक एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही थोडी कमीच वाढते, असा त्याचा अर्थ.

उत्तर एकपेक्षा कमी आलं तर पुरवठा कमी लवचीक आणि एकपेक्षा जास्त आलं तर जास्त लवचीक. या आकड्याला एकक नसतं. क्विंटलऐवजी किलो किंवा टन लिहिले तरी उत्तर तेच येतं. म्हणूनच आठवड्याच्या पुरवठ्याची लवचीकता हंगामाच्या लवचीकतेशेजारी ठेवून बघता येते.

परीक्षेत सर्वांत जास्त मार्क जातात ते भागाकार उलटा केल्याने. पुरवठ्यातला बदल वर आणि भावातला खाली. 'कशाने काय हललं' असं मनात म्हणा. जे हललं ते वर आणि ज्याने हलवलं ते खाली.

भाव १५०० वरून २००० झाला तर ०.३ येतं, पण २००० वरून १५०० झाला तर ०.३६. एकाच वाटेला दोन उत्तरं कशी?

वाट एकच आहे, पण शेकडा काढताना पाया बदलला. चढताना ५०० रुपये १५०० वर मोजले, म्हणून ३३.३ टक्के झाले. उतरताना तेच ५०० रुपये २००० वर मोजले, म्हणून २५ टक्के. पुरवठ्याचंही तसंच. २२० वरून २० क्विंटल घट म्हणजे ९.१ टक्के. ९.१ भागिले २५ केलं की ०.३६.

दोन ओळींमधलं अंतर मोठं असेल तर हा घोळ होणारच. उपाय म्हणजे पाया दोन्हींची सरासरी धरणे. सरासरी भाव १७५०, सरासरी पुरवठा २१०. भावातला बदल ५०० भागिले १७५०, म्हणजे २८.६ टक्के. पुरवठ्यातला बदल २० भागिले २१०, म्हणजे ९.५ टक्के. लवचीकता आली ०.३३. आता वरून खाली या किंवा खालून वर जा, उत्तर तेच राहतं. या पानावर यापुढे ही सरासरीचीच रीत वापरली आहे. प्रश्नपत्रिकेत रीत सांगितली नसेल तर पुस्तकातली साधी रीत वापरा आणि पाया कोणता धरला ते एका ओळीत लिहा.

पत्रक एकच असूनही प्रत्येक टप्प्यावर लवचीकता वेगळी का येते?

सरासरीच्या रीतीने काढलं तर १००० ते १५०० या टप्प्यात ०.५६ येते, १५०० ते २००० मध्ये ०.३३ आणि २००० ते २५०० मध्ये ०.२२. भाव चढत जातो तशी लवचीकता घसरते.

हे कागदावरचं नाही, चाळीतलं आहे. हजाराच्या भावाला बरेच जण थांबलेले असतात. भाव दीड हजारावर गेला की ज्याला पोराची फी भरायची आहे, ज्याच्या मालाला कोंब फुटायला लागलेत, असे लोक माल काढतात. त्यापुढे जे उरतात त्यांना घाई नसते. शिवाय आठवडाभरात किती ट्रॅक्टर भरायचे आणि कांदा निवडायला किती बाया मिळायच्या, यालाही मर्यादा आहे. अडीच हजारालाही आवक २३१ च्या फारशी पुढे जात नाही, ती यामुळे.

म्हणून 'कांद्याची लवचीकता किती?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या भावापासून कोणत्या भावापर्यंत आणि किती मुदतीत, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

अल्पकाळ म्हणजे किती दिवस? एक वर्षाच्या आत, असं लिहिलं तर चालेल?

नाही चालणार. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये काळाची ही विभागणी मांडली, तेव्हा त्यांनी कॅलेंडर हा निकष धरला नव्हता. बदललेल्या मागणीशी पुरवठ्याला कितपत जुळवून घेता येतं, यावरून काळ ठरतो. उत्पादनाचा निदान एक घटक जागच्या जागी अडकलेला आहे तोवर अल्पकाळ. सगळेच घटक बदलता यायला लागले की दीर्घकाळ. त्याच्याही अलीकडे अत्यल्पकाळ असतो. त्यात उत्पादन बदलतच नाही, तयार मालातला किती विकायचा एवढंच हातात असतं. आपलं वरचं आठवड्याचं पत्रक याच प्रकारातलं.

कोथिंबिरीत दीड-दोन महिन्यांत पेरणीपासून बाजारापर्यंत सगळं होऊन जातं. द्राक्षात नवी बाग लावली तर चांगला माल हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. एक वर्ष हा काळ कोथिंबिरीला लांबच लांब आणि द्राक्षाला तोकडा.

अल्पकाळात पुरवठा कमी लवचीक का असतो? 'घटक स्थिर असतात' यापुढे काही सांगा ना.

सांगतो, आणि सावकाश सांगतो. या पानावरचा मुख्य प्रश्न हाच आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कांद्याचा भाव अचानक दुप्पट झाला असं समजा. एका शेतकऱ्याला वाटलं, आपण आणखी दोन एकर उन्हाळी कांदा लावावा. त्याला पहिलं लागतं रोप. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला उन्हाळी हंगामात सात-आठ आठवडे लागतात. आज बी टाकलं तर लागवड फेब्रुवारीच्या उत्तरार्धात होईल. तेव्हा लावलेला कांदा ऐन उन्हात पोसावा लागतो. तो लहान राहतो आणि उतारा पडतो. म्हणजे त्याने रोपं आजच विकत घ्यायला हवीत. पण भाव वाढलेला सगळ्यांनाच दिसतो आणि रोपं तेवढीच आहेत. मग वाढतो तो रोपांचा भाव, एकर फारसे वाढत नाहीत.

समजा रोपं मिळाली. आता जमीन. ती रिकामी नसते. दोन एकरांत गहू किंवा हरभरा उभा आहे, शेजारच्या तुकड्यात ऊस. उभं पीक मोडून कांदा लावणं कुणालाच परवडत नाही. मग पाणी. विहीर एप्रिलपर्यंत पुरेल की नाही, हे यंदाच्या पावसाने आधीच ठरवून टाकलेलं आहे. भाव वाढला म्हणून विहिरीला पाणी चढत नाही. त्यानंतर मजूर. लागवड हाताने, वाफ्यात वाकून करायची. सगळ्या गावाची लागवड एकदम आली की टोळ्या मिळत नाहीत. एवढं सगळं जमवलं तरी लागवडीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने जातात. म्हणजे डिसेंबरच्या भावाला दिलेलं उत्तर एप्रिल-मे महिन्यात बाजारात पोचतं.

अर्थशास्त्राचं पुस्तक 'स्थिर घटक' म्हणतं ते हे. जमीन, पाणी, रोप आणि चाळ यातला एक जरी अडला तरी बाकीचे वाढवून फारसा फायदा होत नाही. त्याच एकरात जास्त खत टाकून, एखादी जास्तीची खुरपणी करून थोडं उत्पादन वाढतं, पण प्रत्येक जादा क्विंटल आधीच्यापेक्षा महाग पडतो. खर्च असा झपाट्याने चढतो म्हणून थोड्याशा जास्त पुरवठ्यासाठी भाव बराच वाढावा लागतो. कमी लवचीकता ती हीच.

आता मुदत लांबवून बघू. गाव तेच, भावातला बदलही तोच:

| मुदत | १५०० ला पुरवठा | २००० ला पुरवठा | लवचीकता |
|---|---|---|---|
| हा आठवडा | २०० | २२० | ०.३३ |
| पुढचा हंगाम | २००० | २४०० | ०.६४ |
| चार-पाच वर्षांनी, एका हंगामाचा | २००० | ३००० | १.४ |

दुसऱ्या ओळीत शेतकऱ्याने वेळेवर जास्त रोप टाकलं, गव्हाचा थोडा भाग कांद्याला दिला. विहीर आणि चाळ मात्र जुनीच. तिसऱ्या ओळीत शेततळं झालं, ठिबक आलं, नवी चाळ उभी राहिली, आणि कधी कांदा न लावणारे दोन-तीन जणही यात उतरले. अडलेले घटक एकेक करून सुटत गेले, तशी लवचीकता वाढत गेली.

तिसऱ्या ओळीला एक अट आहे, आणि पुस्तकं ती घाईघाईत ओलांडतात. २००० चा भाव टिकेल असा विश्वास हवा. एका वर्षाच्या तेजीवर शहाणा माणूस चाळ बांधत नाही.

भाव शंभरावर गेला तरी माल येत नाही, असं खरंच झालंय का?

२०१९ आठवा. जुना उन्हाळी कांदा संपत आला होता, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने काढणीला आलेला लाल कांदा शेतातच सडवला. सरकारने २९ सप्टेंबरलाच निर्यात बंद केली होती, तरी डिसेंबरमध्ये अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. एवढा भाव असूनही आवक वाढली नाही, कारण वाढवायला कांदाच नव्हता. त्या आठवड्यांत देशी पुरवठ्याची लवचीकता शून्याच्या जवळ होती.

पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. केंद्राने एमएमटीसी या सरकारी व्यापार कंपनीमार्फत परदेशातून कांदा मागवला. आयात हाही पुरवठाच, पण त्यालाही वेळ लागतो. सौदा करायचा, जहाजात भरायचा, बंदरात उतरवायचा. बहुतेक माल येऊन पोचेपर्यंत जानेवारी २०२० उजाडला. तोवर इथल्या नव्या कांद्याची आवक वाढून भाव उतरू लागले होते, आणि मागवलेला कांदा उचलायला राज्यं तयार होईनात.

लाल कांदा आणि उन्हाळी कांदा यांची लवचीकता सारखीच का धरत नाही?

कारण एक टिकतो आणि दुसरा टिकत नाही. उन्हाळी कांदा चांगल्या चाळीत चार-सहा महिने राहतो. सड आणि वजनातली घट सोसावी लागते, पण थांबायची सोय असते. भाव पडला तर थांबायचं आणि वाढला तर काढायचं. अत्यल्पकाळात पुरवठा थोडा तरी हलतो तो या साठ्यामुळे.

खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो आणि काही आठवड्यांत खराब होतो. काढला की विकायचा. मिळेल त्या भावाला पुरवठा जवळपास तेवढाच, म्हणून भाव आणि पुरवठ्याच्या आलेखात पुरवठा वक्र जवळपास उभा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा बाजारात मुख्यतः हाच कांदा होता. परदेशी मागणीचा मोठा भाग एका रात्रीत गेला आणि मालाला थांबता येत नव्हतं. अशा वेळी धक्क्याचा सगळा भार भावावर पडतो. ४ मे २०२४ ला बंदी उठली तोवर लाल कांद्याचा हंगाम केव्हाच संपला होता.

भाव पडल्यावर तरी पुरवठा लगेच कमी होतो ना?

अल्पकाळात नाही. बी, खत, लागवडीची मजुरी हा पैसा जमिनीत गेलेला असतो. भाव काहीही असो, तो परत येत नाही. काढणीच्या दिवशी हिशेब एवढाच उरतो: काढणी, निवड, गोणी, गाडीभाडं यांचा खर्च सुटतो का? सुटत असेल तर कांदा बाजारात येतो, मग एकूण पिकात तोटा का होईना. त्याही खाली भाव गेला तर काढणीलाच परवडत नाही, आणि उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरतो. त्या भावाला पुरवठा पायरी उतरल्यासारखा खाली येतो. हा तोटा सोसलेला शेतकरी पुढच्या हंगामात कांदा कमी लावतो. भाव पडल्याचं खरं उत्तर ते.

बाजार समितीच्या आवक-भावाच्या आकड्यांवरून काढलं तर उत्तर उणे आलं. माझं काय चुकलं?

गणित चुकलं नाही. पत्रक समजून घेताना घोटाळा झाला. एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी साधारण असे आकडे आणले होते: एका आठवड्यात आवक २००, भाव १५००. पावसानंतर आवक १२०, भाव ३०००. सरासरीच्या रीतीने आवक ५० टक्क्यांनी घटली आणि भाव ६६.७ टक्क्यांनी वाढला. लवचीकता उणे ०.७५.

भाव वाढला म्हणून शेतकऱ्यांनी माल कमी आणला, असं इथे घडलेलं नाही. पावसाने माल गेला, म्हणजे पुरवठा पत्रकच बदललं, आणि त्यामुळे भाव वाढला. गिऱ्हाइकांची मागणी तशीच राहिली असेल तर हे दोन बिंदू मागणी वक्रावरचे आहेत, आणि उणे ०.७५ ही मागणीची लवचीकता झाली. त्याने न कळत दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढलं होतं. मी त्याला पूर्ण मार्क दिले, पण शीर्षक बदलायला लावलं.

पुरवठ्याची लवचीकता खऱ्या आकड्यांतून काढायची तर उलटा प्रसंग शोधावा लागतो. मागणी हलली, पण पीक, हवामान आणि खर्च जागेवरच राहिले, असा. निर्यातबंदीसारखा अचानक आलेला निर्णय कामाचा वाटतो, पण तिथेही अडचण असते. निषेधात लिलाव बंद राहिले तर आवक शून्य दिसते आणि ती भावामुळे नसते. आणखी एक खोच अशी, की भाव चढायला लागला आणि तो अजून चढेल असं वाटलं तर चाळवाले माल रोखतात. मग आवक कमी, भाव जास्त, हे पावसाशिवायही घडतं. त्यामुळे आकडे बघण्याआधी त्या पंधरवड्यात काय घडलं होतं ते विचारा.

मग अल्पकाळात पुरवठा नेहमी एकपेक्षा कमीच लवचीक असतो, असं लिहू का?

तसं लिहू नका. 'दीर्घकाळापेक्षा कमी लवचीक' आणि 'एकपेक्षा कमी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणुकीआधी रिकामा पडलेला छापखाना घ्या. यंत्रं आहेत, माणसं आहेत, कागद बाजारात मिळतो. दर थोडा वाढला की दुसरी पाळी सुरू होते. त्याची अल्पकाळातली लवचीकता दोन-तीनसुद्धा असू शकते. दीर्घकाळात तो नवं यंत्र घेईल, तेव्हा ती याहून जास्त असेल. कांद्याच्या तक्त्यात ०.३३, ०.६४ आणि १.४ हे आकडे बदलतील, पण त्यांचा चढता क्रम बदलत नाही. घटक आधीच मोकळा पडून आहे की अडकलेला आहे, एवढं बघितलं की पहिला आकडा मोठा येणार की लहान, याचा अंदाज बांधता येतो.